हात बसल्यावर नग कितीला पडतो: बॉयलर सूटच्या कोटेशनचा अनुभव

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका युनिफॉर्म कारखान्यात मी कॉस्टिंग बघतो. आमचं मुख्य काम शाळेच्या गणवेशांचं. गेल्या हिवाळ्यात पहिल्यांदाच बॉयलर सूटचं, म्हणजे कारखान्यातले कामगार घालतात त्या अखंड सुटाचं, काम आलं. १०० नगांपासून सुरुवात झाली आणि पाच लॉट मिळून १६०० नग गेले. मग ग्राहकाच्या खरेदी विभागातून फोन आला: पुढची ऑर्डर २४०० नगांची आहे, आता तुमच्या लोकांचा हात बसला असेल, तेव्हा रेट खाली आणा.

मागणी रास्त होती. रेट किती खाली आणायचा, एवढाच प्रश्न होता. मालकांचं म्हणणं, शेवटच्या लॉटला जो खर्च आला तोच धरा. अकाउंट्सवाल्यांचं म्हणणं, आजवरच्या सगळ्या नगांची सरासरी धरा, तेच सुरक्षित. मला दोन्ही पटत नव्हतं, कारण दोन्ही आकडे मागे काय झालं ते सांगतात आणि कोटेशन तर पुढच्या २४०० नगांचं द्यायचं होतं. त्यासाठी हात बसण्याचा वेग मोजायला हवा होता.

तो मोजण्याची रीत जुनी आहे. टी. पी. राइट या अमेरिकी विमान अभियंत्याने १९३६ साली विमानांच्या खर्चावर लिहिताना दाखवलं की एकूण उत्पादन दर वेळी दुप्पट झालं की नगामागचा सरासरी मजुरीचा खर्च एका ठरावीक प्रमाणात उतरतो. त्याच्या विमानांत तो आधीच्या सुमारे ८० टक्क्यांवर येत होता. सूत्र असं आहे:

```
y = a * x^b
```

इथे x म्हणजे पहिल्यापासून मोजलेला नगाचा क्रमांक, y म्हणजे त्या नगाला, किंवा तिथपर्यंतच्या नगांना सरासरी, लागलेला वेळ, आणि b हा ऋण आकडा. दोन्ही बाजूंचा लॉग घेतला की ही सरळ रेषा होते. लॉग y उभ्या अक्षावर, लॉग x आडव्या अक्षावर, आणि b हा त्या रेषेचा उतार. दुपटीमागे खर्च किती टक्क्यांवर येतो ते 2^b वरून कळतं. ८० टक्क्यांच्या वक्राला b साधारण -0.322 येतो, ९० टक्क्यांच्या वक्राला -0.152.

सर्वात आधी ठरवलं की रेषा मिनिटांवर बसवायची, रुपयांवर नाही. एका सुटाला कापड, झिप, बटणं, धागा मिळून ४१० रुपयांचा माल लागतो. शिवणाऱ्याचा हात कितीही बसला तरी कापड तेवढंच लागणार. मजुरी आणि माल एकत्र करून रेषा बसवली तर उतरणारा भाग न उतरणाऱ्या भागाखाली दबतो. मी कुतूहलाने पहिल्या आणि पाचव्या लॉटचा एकूण खर्च घेऊन पाहिलं, तर दुपटीमागे ९७ टक्के असा जवळजवळ सपाट वक्र आला. त्यातून काहीच शिकता येत नाही. शिवाय महाराष्ट्रात किमान वेतनाचा विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत बदलतो. डिसेंबरचे रुपये आणि फेब्रुवारीचे रुपये सारखे नसतात, मिनिटं मात्र सारखीच असतात. म्हणून वक्र मिनिटांवर बसवायचा आणि आलेल्या मिनिटांना शेवटी आजच्या दराने गुणायचं.

दुसरी गोष्ट आमच्या भागात फार महत्त्वाची आहे. इथल्या बऱ्याच कारखान्यांत शिलाई नगावर असते. नगाचा दर ठरलेला असेल तर हात बसल्याचा फायदा कारागिराच्या दिवसाच्या कमाईत जातो, आणि तो तिथेच जायला हवा. मालकाची नगामागची मजुरी त्याने घटत नाही. त्या लाइनवर शिकण्याचा वक्र काढून ग्राहकाला रेट कमी करून देणं म्हणजे पुढे कारागिराचा नगाचा दर कापायला निघणं. बॉयलर सूटची लाइन नवीन म्हणून रोजंदारीवर होती: आठ ऑपरेटर, दोन हेल्पर. म्हणूनच इथे हा हिशोब लागू पडला.

मग मिनिटं गोळा केली. मस्टरवरून लाइनवर हजर असलेल्या सगळ्यांची मिनिटं घेतली, त्यातून वीज गेलेला वेळ वजा केला. उसवून परत शिवलेल्या नगांची मिनिटं ज्या लॉटचे नग होते त्याच लॉटला लावली. हे काम किचकट होतं, कारण पहिल्या लॉटमधले बरेच सूट दुसऱ्या लॉटच्या दिवसांत दुरुस्त झाले होते. बहुतेकांची खांद्याची नाहीतर बाहीची शिवण फीड ऑफ द आर्म मशीनवर वाकडी गेली होती. ती मिनिटं दुसऱ्या लॉटला लागली असती तर पहिला लॉट फुकट स्वस्त दिसला असता आणि रेषेचा उतार खोटा सपाट झाला असता. मास्तरांनी बंडल कार्डं जपून ठेवली होती म्हणून ती वेगळी काढता आली. हिशोब असा जमला:

| लॉट | नग क्रमांक | नगामागे मिनिटं | आजवरच्या सगळ्या नगांची सरासरी |
|---|---|---|---|
| १ | १–१०० | ८७ | ८७ |
| २ | १०१–३०० | ६३ | ७१ |
| ३ | ३०१–६०० | ५५ | ६३ |
| ४ | ६०१–१००० | ५८ | ६१ |
| ५ | १००१–१६०० | ४७ | ५५.७५ |

शेवटचे दोन रकाने शेजारीशेजारी ठेवून बघा. तिसऱ्या रकान्यात चौथ्या लॉटला वेळ वाढला आहे, ५५ वरून ५८. चौथ्या रकान्यात मात्र त्याचा मागमूस नाही, तिथे ६३ वरून ६१ असा आकडा निमूट खाली आला आहे. सरासरीत मागचे सगळे नग धरलेले असल्यामुळे नवा धक्का त्यात विरून जातो. दोन्हींवर रेषा बसवून पाहिली. बिंदू रेषेच्या किती जवळ बसतात ते आर-वर्ग सांगतो, एकाच्या जितका जवळ तितकं चांगलं. सरासरीच्या रेषेचा आर-वर्ग ०.९९ आला, लॉटनिहाय मिनिटांच्या रेषेचा ०.९३. पहिला आकडा बघून अकाउंट्सवाल्यांना वाटलं की सरासरीचीच रेषा चांगली बसते. ती चांगली बसते, कारण तिचे बिंदू एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत. प्रत्येक बिंदूत आधीचे सगळे बिंदू मिसळलेले आहेत. त्या गुळगुळीतपणावर विसंबून अंदाज पक्का मानता येत नाही.

सरासरीच्या रेषेत आणखी एक खड्डा आहे. ४००० व्या नगाला ती रेषा ४८ मिनिटं दाखवते. हा पुढच्या ऑर्डरचा वेळ नव्हे, पहिल्यापासून ४००० पर्यंतच्या सगळ्या नगांची ती सरासरी आहे. पुढच्या २४०० नगांचा वेळ हवा असेल तर ४००० गुणिले ४८ करून त्यातून आजवर लागलेली ८९,२०० मिनिटं वजा करायची आणि २४०० ने भागायचं. उत्तर ४३ च्या आसपास येतं. राइटची मूळ मांडणी सरासरीचीच होती, त्यामुळे ती चुकीची म्हणता येणार नाही. पण तिच्यातला आकडा उचलून थेट कोटेशनमध्ये घातला तर नगामागे पाच मिनिटं जास्त धरली जातात. पुढे १९४० च्या दशकात लॉकहीड कंपनीतल्या जे. आर. क्रॉफर्डने y म्हणजे त्या एकाच नगाचा वेळ धरणारी मांडणी पुढे आणली. मी तीच वापरली, कारण चौथ्या लॉटला काय झालं ते तिच्यात उघड दिसतं.

त्या मांडणीत एक अडचण येते. आपल्याकडे प्रत्येक नगाचा वेळ नसतो, लॉटचा असतो. दुसऱ्या लॉटची ६३ मिनिटं नेमकी कितव्या नगाची मानायची? १०१ व्या नगाला त्याहून जास्त लागली असणार, ३०० व्याला कमी. बरोबर मधला, म्हणजे २०० वा, घेतला तर चूक होते, कारण वक्र सुरुवातीला जास्त उतरता असतो आणि सरासरी वेळेचा नग मध्याच्या अलीकडेच येतो. यासाठी एक सोपी अंदाजी रीत आहे: लॉटचा पहिला क्रमांक, शेवटचा क्रमांक आणि त्यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाची दुप्पट यांची बेरीज करून चाराने भागायचं. दुसऱ्या लॉटला १८७ आला. पहिल्या लॉटला ३० आला, ५० नाही, आणि खरा फरक तिथेच पडतो. पहिला बिंदू रेषेच्या टोकाला असतो, तो जरा सरकला तरी सगळा उतार बदलतो.

एक्सेलमध्ये हे तीन सूत्रांचं काम आहे. A मध्ये लॉटचा पहिला क्रमांक, B मध्ये शेवटचा, D मध्ये नगामागची मिनिटं:

```
C2:  =(A2+B2+2*SQRT(A2*B2))/4
b:   =SLOPE(LN(D2:D5),LN(C2:C5))
a:   =EXP(INTERCEPT(LN(D2:D5),LN(C2:C5)))
```

इथे चारच ओळी आहेत हे तुमच्या लक्षात आलं असेल. चौथा लॉट मी रेषेबाहेर ठेवला. पण बिंदू रेषेवर बसत नाही म्हणून तो काढला, असं कधीच करू नये. तसं करायला लागलो तर कोणतीही रेषा सुंदर बसवता येईल. आधी कारण सापडलं पाहिजे, आणि ते रेषेच्या बाहेर, कागदावर नोंदलेलं असलं पाहिजे.

मी मास्तरांकडे गेलो. ते मूळचे तेलुगू घरातले, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. माझा कागद बघायच्या आधीच ते म्हणाले, "चौथा लॉट ना? गड्डा झाल्यावरचा तो."

तिसरा लॉट जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात संपला आणि सिद्धेश्वरांची यात्रा, म्हणजेच गड्डा, सुरू झाली. संक्रांतीच्या त्या दिवसांत सोलापुरात कुठली लाइन पूर्ण भरत नाही. आमची बंदच होती. नंतर लाइन सुरू झाली तेव्हा दोन ऑपरेटर परत आलेच नाहीत, त्यांच्या जागी गणवेशाच्या लाइनवरच्या दोघी आल्या. त्यातली एक झिप लावायला बसली. शाळेच्या पँटची झिप आणि गळ्यापासून खालपर्यंत जाणारी दुतोंडी झिप यांत फार फरक आहे.

"मग तिच्यामुळे वेळ वाढला?" मी विचारलं.

"तिला नावं ठेवू नका, साहेब. ती शहाणी आहे, चार दिवसांत आली लाइनवर. पण झिप लागल्याशिवाय पुढं कॉलर नाही, कॉलरशिवाय बाही नाही. तोवर बाकीच्या हातावर हात ठेवून बसल्या."

अण्णांचं म्हणणं मी रोजच्या उत्पादनाच्या वहीशी ताडून पाहिलं. लॉटच्या पहिल्या दिवसांत नग फार कमी निघाले होते आणि शेवटी आकडा झपाट्याने वर आला होता. विसरलेलं काम परत शिकताना असंच चित्र दिसतं. पहिल्यांदा शिकताना जेवढा वेळ गेला तेवढा पुन्हा जात नाही, पण थोडा जातोच. डिझाइन बदललं असतं किंवा कापड जाड आलं असतं तर वेळ लॉटभर वरच राहिला असता. मस्टर, वही आणि अण्णा तिन्ही एकच सांगत होते, तेव्हा लॉट बाहेर ठेवला.

राहिलेल्या चार बिंदूंवर b आला -0.165 आणि a आला १५१. 2^b केलं तर ०.८९, म्हणजे एकूण नग दुप्पट झाले की नगाचा वेळ ८९ टक्क्यांवर येतो. विमानाच्या ८० टक्क्यांपेक्षा हा वक्र मंद आहे, आणि ते स्वाभाविक आहे. विमानाच्या जोडणीत हातकाम प्रचंड असतं. आमच्याकडे वेळेचा एक भाग शिलाई मशीनच्या वेगाने बांधलेला आहे आणि ऑपरेटरना शिलाई आधीपासून येते, नवा असतो तो फक्त हा सूट. १५१ मिनिटांचा आकडा मात्र पहिल्या सुटाला लागलेला खरा वेळ मानू नये. रेषा मागे ताणल्यावर जिथे पोचते तो हा आकडा, तो फक्त सूत्रात घालायचा.

चौथ्या लॉटला या रेषेप्रमाणे ५०.३ मिनिटं लागायला हवी होती, लागली ५८. नगामागे ७.७ मिनिटं जास्त, ४०० नगांवर सुमारे ३,०८० मिनिटं. ही यात्रेनंतर परत शिकण्याची किंमत. हा आकडा मी जपून ठेवला, कारण पुढे त्याचं काम होतं.

पुढची ऑर्डर १६०१ ते ४००० या क्रमांकांची. तिचा प्रातिनिधिक नग त्याच रीतीने २६६६ आला. रेषेत घातल्यावर ४१.२ मिनिटं निघाली. तेवढ्यावर कोटेशन पाठवता आलं असतं, पण मी तीन गोष्टी तपासल्या.

पहिली म्हणजे तळ. लॉग-लॉग रेषा कधीच थांबत नाही, ती खाली जातच राहते. सूत्रावर भरवसा ठेवला तर एक लाखावा सूट २३ मिनिटांत शिवून व्हायला हवा. तसा तो होणार नाही. आमच्या टाइम स्टडीप्रमाणे या सुटाचा सॅम, म्हणजे सरावलेल्या हाताला प्रमाणित गतीने लागणारा वेळ, ३१ मिनिटं आहे, आणि ही माणसं जुन्या, रुळलेल्या मालावरही ८० टक्के कार्यक्षमतेच्या वर क्वचितच जातात. ३१ भागिले ०.८ म्हणजे पावणेएकोणचाळीस मिनिटं. ४००० व्या नगाला रेषा ३८.५ दाखवते. म्हणजे या ऑर्डरच्या शेवटी रेषा तळाला टेकते. ही ऑर्डर रेषेवर कशीबशी बसते, त्यापुढची बसणार नाही. तिथून पुढे वेळ सपाटच धरायचा.

दुसरी गोष्ट बिंदूंच्या विचलनात दिसली. पहिला आणि पाचवा लॉट रेषेच्या किंचित वर, दुसरा आणि तिसरा किंचित खाली. फरक एक-दीड टक्क्याचाच, आणि चार बिंदूंवरून छातीठोक काही म्हणता येत नाही. पण दोन्ही टोकं वर आणि मधले खाली ही खूण ओळखीची आहे. वक्र तळाकडे वळायला लागला की तो लॉग-लॉग कागदावर सरळ न राहता असाच सपाट होत जातो. आर-वर्ग कितीही चांगला असला तरी विचलनांची चिन्हं क्रमाने वाचावीत, असं माझं ठाम मत आहे.

तिसरी गोष्ट कॅलेंडर. शाळा जूनमध्ये उघडतात, त्यामुळे मार्चच्या मध्यापासून आमचा प्रत्येक हात गणवेशाला लागतो. ऑर्डरचा काही भाग त्याआधी होणार, उरलेला जूननंतर. मध्ये तीन महिन्यांचा खंड, म्हणजे पुन्हा परत शिकणं. यात्रेनंतरची ३,०८० मिनिटं २४०० नगांवर पसरली तर नगामागे १.३ मिनिटं होतात. उन्हाळ्याचा खंड यात्रेपेक्षा मोठा, त्यामुळे हे किमानच.

४१.२ आणि १.३ मिळून ४२.५. तळाकडे वळण्याची खूण लक्षात घेऊन ४३ धरले. आमच्याकडे लाइनवरच्या एका माणसाच्या एका मिनिटाचा सगळा मिळून खर्च अडीच रुपये. शिलाई १०७.५० रुपये, माल ४१० रुपये, त्यावर नेहमीचा वाटा. सरासरीच्या रेषेतले ४८ उचलले असते तर शिलाई १२० रुपये झाली असती, म्हणजे २४०० नगांवर ३०,००० रुपयांचा फरक. एवढ्या फरकात ऑर्डर दुसरीकडे जाते. उलट, रेषेची ४१ मिनिटं जशीच्या तशी धरली असती तर उन्हाळ्यानंतरचा तोटा आमच्या माथी बसला असता.

मालकांनी कागद नीट बघितला आणि विचारलं, "शेवटच्या लॉटला ४७ लागली, तुम्ही ४३ म्हणता. ही चार मिनिटं अजून हातात आलेली नाहीत. ती आधीच ग्राहकाला द्यायची?"

हा प्रश्न अगदी बरोबर होता. मी सांगितलं की रेट ४३ वर द्या, पण ऑर्डरमध्ये दोन अटी घाला. डिझाइन बदललं तर रेट पुन्हा ठरेल, कारण खिसे किंवा कॉलर बदलली की त्या भागाचं शिकणं पहिल्यापासून सुरू होतं. आणि २४०० नग पूर्ण उचलले नाहीत तर रेट वाढेल, कारण ४३ हा आकडा ४००० पर्यंत पोचण्याच्या हिशोबावर उभा आहे. ग्राहक पहिल्या ८०० नगांवर थांबला तर रेषेप्रमाणे वेळ ४३.२ येतो, आणि सरासरी खाली ओढणारे शेवटचे स्वस्त नग आपल्या वाट्याला येतच नाहीत. दोन्ही अटी मान्य झाल्या.

मार्चच्या आधी ८०० नग निघाले. वेळ आला ४४ मिनिटं, रेषेपेक्षा पाऊण मिनिट जास्त. तो बिंदूही रेषेच्या वरच पडला, पाचव्या लॉटसारखा. वळण खरं असावं असं आता मला जास्त वाटतं. त्यामुळे जूननंतरच्या नगांसाठी मी रेषा पाच बिंदूंवर नव्याने बसवली आहे, आणि तळ पावणेएकोणचाळीसऐवजी ४० धरून दुसरा हिशोबही बाजूला मांडून ठेवला आहे. अण्णांना एकच विनंती केली आहे: जूनमध्ये लाइन परत लागेल तेव्हा पहिल्या आठवड्याचे नग रोजच्या रोज वहीत वेगळे लिहा, आणि झिपवर कोण बसलं तेही लिहा.